अ‍ॅप गेलं, बायोडेटा तिथेच

नोकरी लागली की मोबाइलवरून नोकरी शोधायचं अ‍ॅप काढायचं आणि सुटलो म्हणायचं, ही सवय घातक आहे. अ‍ॅप काढल्याने फोनमधली जागा तेवढी रिकामी होते. खातं आणि बायोडेटा पोर्टलवर तसेच पडून राहतात.

कळंबचा एखादा डिप्लोमावाला मुलगा घ्या, नुकताच तळोज्याला कामाला लागलेला. त्याच्या बायोडेटावर काय असतं? मु. पो. कळंब, ता. कर्जत, जि. रायगड. मोबाइल, जन्मतारीख, वडिलांचं पूर्ण नाव आणि तळाशी सही. नोकरी द्यायला यातलं निम्मंही लागत नाही, पण फसवायला सगळं उपयोगी पडतं. ‘तुमची निवड झाली, नोंदणीचे पैसे भरा’ म्हणणारा माणूस वडिलांच्या नावासकट बोलला की घरच्यांचा विश्वास बसतो.

म्हणून आवरायचं, पण क्रमाने. लिंक्डइन सगळ्यात शेवटी. अनेक जण इतर पोर्टलवर लिंक्डइनच्याच लॉगिनने शिरलेले असतात. ते आधी बंद केलं तर बाकीची दारं उघडायची कशाने? जुनं सिमही तोवर टाकू नका, ओटीपी त्यावरच येतो. प्रत्येक पोर्टलवर आधी बायोडेटाची फाइल काढा, प्रोफाइलमधला पत्ता आणि जन्मतारीख पुसा, मगच खातं मिटवा. नुसतं ‘लपवा’ निवडलं तर कंपन्यांना दिसणं थांबतं, माहिती मात्र पोर्टलकडेच राहते.

लिंक्डइनवर ‘Hibernate account’ म्हणजे खातं झोपवणं आणि ‘Close account’ म्हणजे बंद करणं. बंद करण्याआधी आपल्या माहितीची प्रत उतरवून घ्या. साहेबांनी लिहिलेल्या शिफारशी त्यात वाचायला मिळतील. खात्यावरच्या मात्र जातात आणि १४ दिवसांच्या मुदतीत खातं पुन्हा उघडलं तरी परत येत नाहीत. गुगलवर नाव आणखी काही दिवस दिसेल, त्याने घाबरू नका.

खरी अडचण पुढे आहे. पोर्टलला पैसे भरून भरती करणारे बायोडेटा उतरवून घेतात. ती प्रत तुमच्या खात्याबरोबर पुसली जात नाही. जिथे स्वतः अर्ज केला, त्या एजन्सीला ईमेल करून बायोडेटा काढायला सांगा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १२ मध्ये माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, पण हे कलम लागू व्हायला त्यानंतर १८ महिन्यांची मुदत दिली आहे. एवढा उशीर मला मुळीच पटत नाही, कारण बायोडेटे आजच हातोहात फिरताहेत.

कुणाच्या हाती गेलेली प्रत परत येणार नाही, पण पुढची तरी आटोपशीर ठेवता येते. गाव आणि तालुका पुरे. जन्मतारीख, वडिलांचं नाव, सही नको. आधार क्रमांक तर कधीच नको. आणि फोनवर कुणी नोकरीसाठी पैसे मागितले, भरले गेले, तर त्याच तासात १९३० वर कळवा.