उणे चौसष्ट

रविवारी सकाळी मी डायनिंग टेबलावर अकरावीच्या पेपरांचा गठ्ठा सोडला, की घरातली माणसं आपापल्या बशा उचलून हॉलमध्ये जातात. लाल पेन हातात असताना मला कुणी चहा घ्यायचाय का विचारलं, तरी मी त्यात चूक शोधतो अशी माझी ख्याती आहे. ती अगदीच खोटी नाही.

या वेळी गठ्ठ्यात बासष्ट पेपर होते आणि माझं सगळं लक्ष तिसऱ्या प्रश्नावर होतं. प्रश्न मीच काढलेला. संमिश्र संख्या z = −√3 + i घ्या; तिचं मॉड्युलस काढा, आर्ग्युमेंट काढा, अर्गांड डायग्रामवर बिंदू दाखवा आणि z⁶ किती ते सांगा. गुण चार, प्रत्येक कामाला एक. स्टाफरूममध्ये तास संपायच्या दहा मिनिटं आधी सुचलेला प्रश्न, पण मला तेव्हा तो फार देखणा वाटला होता. का वाटला होता, याचा जाब पुढे द्यावाच लागला.

उत्तर अवघड नाही. आरंभबिंदूपासून डावीकडे √3, म्हणजे साधारण १.७३ जायचं आणि तिथून वर १. सरळ अंतर √(3 + 1), म्हणजे 2. हे झालं मॉड्युलस. दिशा अशी, की डाव्या हाताच्या आडव्या रेषेपासून ३० अंश वर. उजवीकडून मोजत आलो तर १५० अंश, म्हणजे 5π/6. बिंदू दुसऱ्या चरणात. एवढं झालं की मुलांनी पुढच्या प्रश्नाकडे जावं आणि मी पोह्यांकडे.

पहिल्याच पेपरात मॉड्युलस √2 आलं. कसं आलं ते पाहिलं, तर मुलाने 1 चा वर्ग करायच्या ऐवजी i चा वर्ग केला होता. i चा वर्ग −1, म्हणून 3 − 1 = 2 आणि वर्गमूळ √2. त्याचा i वर जीव असावा. वर्ग करताना i घरी ठेवायचा असतो, सोबत फक्त त्याचा सहगुणक न्यायचा, हे मी वर्गात चार वेळा सांगितलंय. पण i हा लग्नाला बोलावलं नसताना येणाऱ्या पाहुण्यासारखा आहे. एकदा मांडवात शिरला, की जेवल्याशिवाय जात नाही.

पाचव्या पेपरात याच्याही पुढची मजल होती. तिथे (−√3)² चे −3 झाले, −3 + 1 = −2, आणि त्याचं वर्गमूळ √2 i. म्हणजे आरंभबिंदूपासून बिंदूपर्यंतचं अंतर चक्क काल्पनिक! आमच्या कॉलनीत बिल्डरने रेल्वे स्टेशनपर्यंतचं अंतर असंच सांगितलं होतं.

गंमत अशी, की ही चूक पकडायला परीक्षक लागत नाही. घरून पश्चिमेला १.७३ किलोमीटर गेलात आणि तिथून उत्तरेला एक किलोमीटर, तर आता घर इथून १.४१ किलोमीटरवर आहे असं रिक्षावाल्याने सांगितल्यावर तुम्ही त्याला मानाल का? दोन पायांपैकी लांब पाय १.७३ चा, म्हणून सरळ अंतर त्याहून कमी असू शकत नाही. आणि दोन्ही पाय मिळून २.७३, म्हणून त्याहून जास्तही नाही. मॉड्युलस या दोन आकड्यांच्या मध्येच बसलं पाहिजे. √2 कुंपणाबाहेर पडतं. कुंपणाच्या आत राहून कुणी अडीच लिहिलं तर ते या युक्तीने सापडणार नाही, हे कबूल. पण i ला मांडवात घेणारे सगळे सापडतात. पहिल्या वीस पेपरांत मला असे सात सापडले.

मग आर्ग्युमेंट. इथे मुलं एकदम एकमताने चुकतात. tan θ = 1/(−√3), म्हणून θ = −30°, म्हणजे −π/6. खाली दोन रेघा. काही हुशारांनी ऋण कोन शोभत नाही म्हणून त्याचं 11π/6 केलं, पण कपडे बदलले तरी माणूस तोच. चौथ्या चरणातला तो चौथ्याच चरणात राहिला.

मी बहुधा मोठ्याने उसासा टाकला असावा. बायको बँकेत आहे, ती हॉलमधून म्हणाली, "काय झालं?"

"मॉड्युलस बरोबर काढलंय, पण आर्ग्युमेंट चुकीच्या चरणात."

"म्हणजे रक्कम बरोबर, खातं दुसऱ्याचं."

एवढं नेमकं मला गेल्या बावीस वर्षांत वर्गात सांगता आलेलं नाही.

यात बिचाऱ्या टॅन्जंटचा दोष नाही. त्याला आपण उंची भागिले आडवं अंतर एवढंच देतो, आणि भागाकार झाला की उणे चिन्ह वरचं की खालचं हे कुणालाच कळत नाही. 1/(−√3) आणि (−1)/√3 या एकच संख्या आहेत. पहिली दुसऱ्या चरणातून आलीय आणि दुसरी चौथ्यातून, पण टॅन्जंटच्या दारात दोघींचं आधार कार्ड सारखंच. त्याला रेषेचा चढ कळतो, रेषेच्या कुठल्या टोकाला तुम्ही उभे आहात ते कळत नाही. तुम्ही फोनवर "मी एक्स्प्रेसवेवर आहे" एवढंच सांगितलंत, तर पुण्याकडे निघालात की मुंबईकडे हे घरच्यांना कसं कळावं? आणि उलटा टॅन्जंट तर हट्टी. तो उत्तर नेहमी −९० ते ९० अंशांमध्येच देतो, म्हणजे तुम्ही कुठेही असा, तो तुम्हाला उजवीकडेच उभं करतो. बिंदू डावीकडे असेल तर त्यात १८० अंशांचा फरक आपण स्वतः करायचा. −30 अधिक 180 म्हणजे 150. संगणकाच्या भाषांमध्ये याच कारणासाठी `atan2` नावाचं वेगळं फंक्शन असतं. ते भागाकार मागतच नाही, दोन्ही आकडे चिन्हांसकट वेगवेगळे घेतं. `atan2(1, -1.732)` दिलं की २.६१८ मिळतं, आणि तेच 5π/6. फक्त त्यात आधी y द्यायचा असतो आणि मग x. उलट दिलं की नवीन गोंधळ, पण तो पुढच्या वर्षीचा.

एक पाप मात्र माझ्याही खात्यावर आहे. मागे एका मुलीने −√3 − i चं आर्ग्युमेंट −5π/6 लिहिलं होतं, माझ्याकडे 7π/6 होतं, म्हणून मी तिचा गुण कापला. दोन्ही एकच दिशा. काही पुस्तकं कोन 0 ते 2π मध्ये घेतात, काही −π ते π मध्ये. मुलगी क्लासच्या पुस्तकाने गेली होती, मी कॉलेजच्या. गुण कापण्याआधी दोन कोनांतला फरक 2π च्या पटीत आहे का, एवढं बघायचं होतं. तो असेल तर कोन एकच. फरक π चा असेल, तर खातं दुसऱ्याचं.

आता आकृती. आकृतीत मुलांचे स्वभाव दिसतात. एकाने √3 चा बिंदू 3 वर टाकला. वर्गमूळ वाटेत कुठेतरी सांडलं. एकीने वास्तव भाग उभ्या अक्षावर घेतला आणि काल्पनिक आडव्या, त्यामुळे बिंदू (1, −√3) वर जाऊन बसला. बऱ्याच जणांनी उभ्या अक्षावर वहीची एक ओळ म्हणजे एक एकक घेतलं आणि आडव्या अक्षावर दोन बोटं म्हणजे एक. दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं नसेल तर चरण बरोबर येतो, पण ३० अंश त्याहून कमी दिसतात आणि पट्टीने मोजलेलं अंतर मॉड्युलस राहत नाही. प्रमाण सारखं असेल, तर कंपासमध्ये 2 एकक घ्या, आरंभबिंदूवर टोक ठेवा आणि फिरवा. बिंदू त्या वर्तुळावर बसला पाहिजे. मॉड्युलस आणि आकृती, दोघांची झडती एकदम होते.

मुलांना फार बोलायचा मला तसा हक्क नाही. खुद्द या आकृतीचं नावच चुकीच्या जागी पडलंय. अर्गांड, म्हणजे मूळ उच्चारात आर्गाँ, या गृहस्थाने १८०६ साली पॅरिसमध्ये ही कल्पना पुस्तिका काढून मांडली, तीही स्वतःचं नाव न घालता. त्याच्या आधी, १७९७ साली, कास्पर वेसेलने ती डेन्मार्कच्या शास्त्र अकादमीपुढे मांडली होती. वेसेल पेशाने जमीन मोजणारा, म्हणजे आमच्याकडचा मोजणीवाला. त्याने डॅनिशमध्ये लिहिलं आणि जवळजवळ शंभर वर्षं बाहेर कुणाला पत्ता लागला नाही. प्लॉट एकाने मोजला, सातबारा दुसऱ्याच्या नावावर.

सगळ्यात पंचाईत झाली ती एकतिसाव्या पेपरात. एका मुलाने आर्ग्युमेंट −π/6 लिहिलं होतं. आकृतीत बिंदू मात्र दुसऱ्या चरणात, अगदी बरोबर. म्हणजे एकाच पानावर आकृती डावीकडे बोट दाखवतेय आणि कोन उजवीकडे, आणि दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलेत. पुढे त्याने द म्वाव्र लावला, सहापट कोन −π, म्हणून z⁶ = −64. माझ्या उत्तरपत्रिकेत काय होतं? −64.

मी घाबरलो. आपलंच काहीतरी चुकलं असणार म्हणून मागच्या कागदावर पुन्हा केलं. 2⁶ म्हणजे 64, 5π/6 ची सहापट 5π, त्याची दिशा डावीकडे, −64. मुलाचं चुकीचं, माझं बरोबर, उत्तर एकच. मग डोक्यात प्रकाश पडला. त्याच्या आणि माझ्या कोनात फरक π चा, सहापट केल्यावर तो 6π झाला, म्हणजे पूर्ण तीन फेऱ्या, म्हणजे काहीच नाही. टॅन्जंटची चूक म्हणजे सगळ्या संख्येला −1 ने गुणणं, आणि सम घात −1 ला गिळून ढेकरही देत नाही. √2 वाल्यांचं तसं झालं नव्हतं. त्यांचं z⁶ उणे आठवर आलं आणि लगेच उघडं पडलं. खातं चुकवणारे मात्र सगळे सुटले होते, आणि सुटायची वाट मीच काढून दिली होती. सहाच्या जागी तीन विचारला असता, तर खरं उत्तर 8i आलं असतं आणि यांचं −8i.

त्या मुलाला मी चारपैकी तीन दिले. आर्ग्युमेंटचा एक कापला.

पुढच्या चाचणीत मी हीच संख्या दिली आणि z³ विचारला. निकालाच्या दिवशी तोच मुलगा पेपर घेऊन आला. −8i भोवती माझं लाल वर्तुळ होतं.

"सर, मागच्या वेळी याच रीतीने केलं होतं. तेव्हा तुम्ही शेवटच्या उत्तराला टिक केलं होतं."

केलं होतं. त्याच्या आकृतीतला बिंदू तेव्हाही दुसऱ्या चरणात होता, आताही आहे. दोन्ही वेळा त्याने तो काढला आणि कोनाशी ताडून पाहिला नाही. पहिल्या वेळी मी तो पाहिला होता, आर्ग्युमेंटचा गुणही कापला होता. तरी शेवटच्या ओळीत −64 दिसल्यावर टिक केली.