नऊ पानांचं एक पान

आमचा लातूरचा फ्लॅट रिकामा झाला की भाडेकरू शोधावा लागत नाही. बारावी आणि नीटवाली लेकरं आई-आजीसकट शहरात उतरतात आणि फ्लॅटलाच शोधून काढतात. यंदा मुखेडकडचं एक कुटुंब आलं. मी नांदेडला, ते लातूरला. तेव्हा करार व्हॉट्सॲपवर पाठवायचा होता.

करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 55 सांगतं. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे मी भलताच शिस्तीचा झालो होतो. टायपिंगवाल्याने नऊ पानं काढून दिली, त्यांत ‘सदरहू’ इतके की मूळ मजकूर त्यांच्या मधल्या फटींतून वाचावा लागे. अशी नऊ पानं नुसतीच पाठवली तर समोरचा माणूस एकच गोष्ट करतो. अंगठा कुठे लावायचा ते विचारतो.

म्हणून सोबत साध्या मराठीत एक पान लिहायला घेतलं. रकाने चार: कोणी करायचं, काय करायचं, कोणत्या तारखेपर्यंत, आणि नाही केलं तर काय. प्रत्येक ओळीपुढे करारातल्या कलमाचा क्रमांक, म्हणजे ज्याला शंका येईल त्याने थेट तिथे जावं. तळाशी एक ओळ: ‘या पानात आणि करारात फरक दिसला तर करार खरा, आणि सहीच्या आधी मला फोन करा.’

पान भरायला लागलो आणि गंमत सुरू झाली. भाडेकरूच्या नावापुढे ओळीच ओळी: भाडे 8,000, दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत, वीजबिल त्यांचं, भिंतीला खिळा नाही. मालकापुढे दोनच ओळी. त्यातली एक: अनामत 25,000 परत करणे. कधी? रकाना कोरा. नऊ पानांत ‘यथावकाश’ लिहिलं होतं. बायको चहा ठेवताना डोकावून म्हणाली, “तुमचं सगळं यथावकाशच असतंय.” घर रिकामं झाल्यापासून सात दिवसांत, असं करारातही लिहिलं.

दुसरी ओळ त्याहून भारी. मालकाने चोवीस तास पाणी द्यायचं. हे कलम उघडच पुण्याच्या कुठल्या तरी सोसायटीतून लातुरात आलं होतं. 2016 च्या एप्रिलमध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या शहरात चोवीस तासांची हमी द्यायला माझी काय ऐपत? ‘नळाला येईल तेव्हा, टँकरचा खर्च निम्मा-निम्मा’ असं केलं.

दोन्ही कागद पाठवले. संध्याकाळी मुलाच्या आईचा फोन.

“काका, 30 एप्रिलला घर सोडायचं लिवलंय की.”

“हो ताई, 1 जूनपासून अकरा महिने.”

“अन् लेकराची नीट? ती तर मेच्या पहिल्या रविवारी असतीय!”

नऊ पानांत ‘अकरा महिने’ हेच शब्द होते. ते वाचून कोणी बोटं मोजत नाही. एका पानात तारीख होती, म्हणून ती त्यांच्या डोळ्यांत खुपली. शेजारच्या रकान्यात परिणामही होता: मुदतीनंतर राहिल्यास भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 24 नुसार दुप्पट दराने भाडे. म्हणजे लेकरू जीवशास्त्राची उजळणी करणार आणि बाप दुप्पट भाडं मोजणार.

अकरा महिन्यांचा हट्ट कशासाठी, तेही मग तपासलं. वर्षाच्या आतली मुदत ठेवली की नोंदणी टळते, ही जुनी समजूत. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, नोंदणी लागतेच. मग अकराचं पावित्र्य कसलं? बारा केले. मुद्रांकाचा हिशेबही सोपा आहे. वर्षाचं भाडं 96,000, अनामतीवर दहा टक्क्यांनी वर्षाचं व्याज 2,500, मिळून 98,500; त्याचा पाव टक्का म्हणजे 246 रुपये. नोंदणी शुल्क वेगळं. महिना वाढवल्याचा फरक वीस रुपयांच्या आसपास.

आता खरी भीती जुन्या पानाची. ते एव्हाना त्यांच्या भावकीच्या ग्रुपवर पोहोचलं होतं आणि कोणी मामा त्यावर सल्ले देत होता. म्हणून करार बदलला तेव्हाच पानही बदललं, वर ठळक तारीख टाकली, ‘आधीचं पान रद्द’ लिहिलं, आणि त्यांनी “नवं वाचलं” असं कळवेपर्यंत नोंदणीवाल्याला मशीन घेऊन जायला सांगितलं नाही.

अंगठे झाले, फोटो झाले. मुलाच्या वडिलांनी नऊ पानं पिशवीत घातली आणि एक पान स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलं. खिळा न मारता, हे त्यांनी आवर्जून कळवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बँकेच्या पीककर्जाचे सगळे कागद फोटो काढून पाठवले. खाली लिहिलं होतं: ‘काका, याचं बी एक पान करून द्या. पाच तारखेच्या आत. नाही केलं तर काय, तो रकाना मी भरतो.’