नकाराचं रूट कनाल

मला ‘नाही’ म्हणता येत नाही. दारावर येणाऱ्या विक्रेत्यांना हे बरोबर कळतं, म्हणूनच आमच्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायची दोन यंत्रं आहेत आणि दोन्हीही बंद आहेत. पण विक्रेत्याला निदान पैसे देऊन वाटेला लावता येतं. मित्राचं काय करायचं?

हा मित्र आमच्या ठाण्याच्या हौशी नाटक मंडळीतला. माणूस सज्जन, विनोदी, तालमीला वेळेवर येणारा. त्यानं एका रात्री व्हॉट्सॲपवर लिहिलं, ‘मोरपंखी कुर्त्यात आज भलतीच गोड दिसत होतीस. माझी वाक्यं चुकली ती तुझ्यामुळे. शनिवारी आपण दोघंच कॉफीला जाऊ या?’ पुढे डोळा मारणारा पिवळा चेहरा.

मी मेसेज उघडला आणि टिका निळ्या झाल्या. आता झोपेचं सोंग घेण्यात अर्थ नव्हता. मी लिहायला बसले. ‘थँक्यू दादा’ लिहिलं आणि खोडलं. ज्यानं कॉफीला बोलावलं त्याला राखी बांधणं म्हणजे नकाराच्या वर अपमान. मग मैत्रीच्या मोठेपणावर चार परिच्छेद लिहिले. वाचून पाहिले तर कुणाच्या तरी षष्ट्यब्दीचं मानपत्र वाटायला लागलं. तेही खोडलं. इतका वेळ त्याला पलीकडे ‘टायपिंग…’ दिसत होतं, म्हणजे बिचाऱ्याची आशा माझ्या खाडाखोडीवर वाढत होती. शेवटी मी त्यातल्या त्यात सोपं, म्हणून सगळ्यात वाईट उत्तर पाठवलं: ‘अय्या, शनिवारी पाहुणे आहेत रे!’ आणि वर एक हसरा चेहरा.

सबबीचा दोष असा की समोरचा माणूस सज्जन असला तर तो ती दूर करायला धावतो. त्याचं लगेच आलं, ‘मग पुढच्या शनिवारी?’ मी म्हटलं, ‘दाढ दुखतेय.’ यावर कुठल्या शहाण्यानं काय म्हटलं असतं ते मला माहीत नाही. तो म्हणाला, ‘माझा मावसभाऊ डेंटिस्ट आहे. उद्या सहाची वेळ घेतलीय. मी येतो सोबत.’

मी गेले. कारण, वर सांगितलंच.

न दुखणारी दाढ दाखवायला मी आ वासला. मावसभावानं एक्स-रे काढला आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, ‘बरं झालं आलात. कीड आत नसेपर्यंत गेलीय. रूट कनाल करावं लागेल. आज सुरुवात करू.’ बाहेर बाकावर मित्र माझी पर्स सांभाळत बसला होता. माझ्या खोटेपणाला इतकी तत्पर शिक्षा यमधर्मानंही दिली नसती.

बाहेर आले तेव्हा खालचा ओठ, अर्धी जीभ आणि हनुवटी बधिर. त्यानं विचारलं, ‘बरी झालीस की जाऊ या ना कॉफीला?’ मी बोलायला गेले तर तोंडातून नुसती लाळ. भूल उतरायला दोनतीन तास लागणार होते. घरी येऊन फोन घेतला. ठणका सुरू व्हायच्या आत संपवायचं म्हणून लिहिलं तेवढंच पाठवलं:

‘तुझा मेसेज वाचून छान वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. पण माझ्या मनात तुझ्याबद्दल तसं नाही, आणि पुढे होईल असंही वाटत नाही. दोस्त म्हणून तू मला हवा आहेस. रविवारी तालमीला दुसरा अंक बसवायचाय, येतोयस ना?’

ना पाहुणे, ना दाढ, ना हसरा चेहरा. कारणच न दिल्यामुळे त्याला दूर करायला काही उरलं नाही. ‘माफ कर’ म्हटलं नाही, कारण त्यानं विचारण्यात गुन्हा नव्हता आणि मी नाकारण्यातही नव्हता. आणि रविवारचं विचारलं, म्हणजे त्याला पुढचं वाक्य काय लिहावं हा प्रश्न पडला नाही. ‘बरं, कळलं. येतो,’ त्यानं लिहिलं.

यानंतर मी पुन्हा घोळ घातलाच. रविवारी तो जरा लांब बसला, तर मी त्याच्या फुसक्या कोट्यांवरही खो-खो हसायला लागले, त्याला आवर्जून चहा नेऊन दिला. तो हळूच म्हणाला, ‘तू नॉर्मल वाग ना. नाही म्हणालीस तेव्हा बरी होतीस.’ मग मी त्याला त्याचा वेळ दिला. मंडळीतल्या कुणाला यातलं अवाक्षर सांगितलं नाही, आणि माझ्यासाठी हे रूट कनालपेक्षा अवघड होतं. प्रयोग जवळ आला तसा तो आपसूक पुन्हा माझ्या वाक्यांची टवाळी करू लागला.

शेवटच्या सिटिंगला मावसभावानं बिल पुढे केलं. पहिल्या दिवशी तो ‘घरच्या माणसांना निम्म्यात’ म्हणाला होता. आता सूट दहा टक्के. मी प्रश्नार्थक पाहिलं तर म्हणाला, ‘त्याचा फोन आला होता. म्हणाला, मैत्रीण आहे, मैत्रिणीचाच रेट लाव.’

मी पैसे भरले. घासाघीस करावीशी वाटली होती, पण मित्राचं उत्तर सुटसुटीत होतं आणि त्यात कारण दिलेलं नव्हतं.