सोबत : आदेशाची प्रत

आमच्या तालुक्याच्या कचेरीत त्यांना सगळे हवालदार म्हणतात. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे. हजेरीपटावर ते लिपिक आहेत, आवक-जावकच्या टेबलावर बसतात आणि वर्षातले दहा महिने टपालावर शिक्के मारतात. उरलेले दोन महिने ते प्रादेशिक सेनेच्या, म्हणजे टीएच्या, कोल्हापूरच्या १०९ पायदळ पलटणीत मराठा लाइट इन्फंट्रीची टोपी घालून हवालदारकी करतात. या फौजेत जायला पोटापाण्याची दुसरी सोय आधीच असावी लागते. नोकरी असल्याशिवाय भरती नाही आणि नोकरी असली की रजा नाही, असा हा पेच आहे, आणि तो सोडवण्यात हवालदारांची हयात गेली.

शहरी पलटणीच्या माणसाचं बरं असतं. त्याचं प्रशिक्षण वर्षाला ३० दिवसांचं, आणि त्यातलं बरंचसं सुट्टीच्या दिवशी उरकतं. चार तास कवायत केली की एक दिवस मांडला जातो. आमच्या हवालदारांचा कँप सलग दोन महिन्यांचा. आणि तो नेमका फेब्रुवारी-मार्चमध्ये आला, की मार्चअखेरच्या धास्तीने साहेबांचा रक्तदाब चढतो.

हवालदारांच्या अर्जाची तयारी पंधरा दिवस आधी सुरू होते. पलटणीकडून आलेला आदेश मी पाहिलाय. एवढं सुटसुटीत सरकारी लिखाण दुसरं माझ्या पाहण्यात नाही. नंबर, हुद्दा, नाव. अमुक तारखेला सकाळी सहाला अमुक ठिकाणी हजर व्हावं. खाली कमांडिंग ऑफिसरांकरिता म्हणून ॲड्ज्युटंटची सही आणि गोल शिक्का. संपलं. ‘महोदय’ नाही, ‘विनंती’ नाही, ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ तर नाहीच. हवालदार मात्र या पाच ओळींना दीड पानाचा अर्ज जोडतात. विषय, संदर्भ एक, संदर्भ दोन, ‘योग्य मार्गाने सादर’, आणि तळाशी जाड रेघ मारून ‘सोबत : आदेशाची प्रत’. खरं म्हणजे आदेशाला अर्ज जोडलेला असतो, पण आस्थापनेच्या टेबलावर असं बोलायचं नसतं.

आस्थापनेला अण्णा आहेत. अव्वल कारकून. फाइल पुढे जाऊ न देणं हे त्यांचं कर्तव्य आणि छंदही. यंदा त्यांनी पहिला शेरा मारला : ‘आदेशातील नाव व सेवापुस्तकातील नाव जुळत नाही.’ फौजेने आधी नाव, मग आडनाव लिहिलं होतं आणि वडिलांचं नाव नुसत्या एका इंग्रजी अक्षरात उरकलं होतं. सेवापुस्तकात आडनाव आधी आणि वडील पूर्णच्या पूर्ण. हवालदार शांतपणे उठले आणि पलटणीत भरती होताना याच कचेरीने दिलेल्या ना-हरकत दाखल्याची प्रत घेऊन आले. तिच्यावर दोन्ही प्रकारची नावं होती आणि खाली अण्णांचीच सही होती.

दुसरा शेरा तारखेचा. आदेशात हजर होण्याचा दिवस सोमवार, सकाळी सहा. अर्जात रजा शुक्रवार संध्याकाळपासून. ‘मधल्या दोन दिवसांना आधार काय?’ आता शनिवार-रविवार मुळात सुट्टीचे. पण रजेला चिकटलेली सुट्टी ही अण्णांच्या डोळ्यांत खुपतेच. हवालदारांनी समजावलं की मुख्यालय सोडायची परवानगी मागितलीय, रजा नव्हे. शिवाय सहाला फॉलइन असतं म्हणजे सहाला एसटीतून उतरायचं असा अर्थ होत नाही. आदल्या दिवशी पोचून किट तपासून घ्यावं लागतं, बूट, बिस्तरा, मगपासून सगळं. अण्णांनी विचारलं, “मग तसं आदेशात लिहीत का नाहीत?” यावर हवालदारांकडे उत्तर नव्हतं. फौजेकडेही नसावं.

खरी लढाई तिसऱ्या शेऱ्यावर. ही रजा मांडायची कुठे? नैमित्तिक रजा वर्षाला आठ, त्यांत दोन महिने बसत नाहीत. अर्जित रजेतून कापली तर हवालदारांच्या पोरीच्या लग्नाला शिल्लक काही उरत नाही. हवालदार १९४८ च्या प्रादेशिक सेना कायद्याचं कलम ७-अ तोंडपाठ म्हणतात : लष्करी सेवेसाठी गेलेल्या माणसाला परत आल्यावर आधीपेक्षा वाईट नसलेल्या अटींवर कामावर घेणं मालकावर बंधनकारक आहे. अण्णा ऐकून घेतात आणि म्हणतात, “अहो, तुम्हाला परत घ्यायला कोण नाही म्हणतंय? हजेरीपटाच्या कुठल्या रकान्यात टाकू तेवढं सांगा.” इथे कायदा गप्प बसतो. अखेर गेल्या वर्षीच्या फाइलमधली मंजुरीची टिपणी शोधून तिच्यावर ‘पूर्वोदाहरणानुसार’ असं लिहावं लागतं. म्हणून हवालदार दरवर्षीची प्रत घरी ट्रंकेत जपून ठेवतात. कचेरीतली फाइल हरवते. ट्रंक हरवत नाही.

साहेबांची शंका वेगळीच. मे २०२५ मध्ये सरकारने प्रादेशिक सेनेला बोलावण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले, ३२ पायदळ पलटणींपैकी १४ कामाला लावता येतील अशी बातमी आली, तेव्हापासून ते धास्तावलेत. “हवालदार, दोन महिने म्हणून जाल आणि दोन वर्षं येणार नाही, असं नाही ना?” हवालदार सांगतात की कँपचं बोलावणं वेगळं आणि प्रत्यक्ष सेवेचं वेगळं. कँप संपला की हजेरीचा दाखला घेऊन माणूस घरी. सेवेचा हुकूम स्वतंत्र येतो, आणि तो आला तर अर्ज-बिर्ज काही नाही, नुसतं कळवायचं. साहेबांना एवढंच कळतं की आवक-जावकचं टेबल रिकामं राहणार. “आणि ते धोनीसारखं पंधरा दिवसांत नाही का होत?” असंही विचारून झालं. २०१९ मध्ये मानद लेफ्टनंट कर्नल धोनी पॅरा पलटणीबरोबर दोनेक आठवडे काश्मीरमध्ये होता, हे साहेबांनी पेपरात वाचलेलं. हवालदार अदबीने म्हणाले, “साहेब, त्यांना मार्चअखेर नसतो.”

हवालदारांची एक खोड सांगितली पाहिजे. ९ ऑक्टोबरला, १९४९ साली राजाजींनी या फौजेचं उद्घाटन केलं त्या दिवशी, ते कचेरीत पेढे वाटतात. अण्णा दोन घेतात. त्या दिवशी अण्णा कुठलाही शेरा मारत नाहीत, पण त्या दिवशी हवालदारांचा अर्जही नसतो.

यंदाची फाइल चौथ्यांदा परत आली तेव्हा शेरा नव्हता. अर्जाच्या मागे टाचणीने एक चिठ्ठी लावलेली होती, अण्णांच्या अक्षरात : प्रेशर कुकर पाच लिटर एक, मिक्सर एक, बाकी ‘समक्ष बोलू’. कचेरीतल्या प्रत्येकाला पलटणीच्या कँटीनचं कार्ड ठाऊक आहे. हवालदारांनी चिठ्ठी वाचली, घडी केली आणि अण्णांसमोर उभे राहून म्हणाले, “कँटीनचा माल स्वतःच्या घरापुरताच घ्यायचा असतो, अण्णा. तसा आदेश आहे.”

“आदेशाची प्रत आहे का?” अण्णांनी विचारलं.

हवालदारांनी पिशवीतून काढून दिली. साक्षांकित होती. अण्णांनी चष्मा पुसला, पुढून-मागून पाहिली आणि आवक क्रमांक टाकायला हवालदारांच्याच टेबलावर पाठवली.