स्नेहसंमेलनाचं इंग्रजी आमंत्रण ग्रुपवर कसं उतरवावं

इंग्रजी आमंत्रणात शेवटी एक नम्र ओळ असते: १० डिसेंबरपर्यंत आरएसव्हीपी करावे. भाषांतरकार वरच्या गोड मजकुरावर तासभर खर्च करतो आणि ही ओळ 'कृपया कळवावे' म्हणून उडवतो. खरं तर आमंत्रणातलं कामाचं वाक्य तेवढंच, कारण केटररला आठवणींशी देणंघेणं नसतं, त्याला ताटांचा आकडा हवा असतो. 'कृपया कळवावे'ला ग्रुपवर काय उत्तर येतं? अंगठे, नाचणाऱ्या बाहुल्या, 'बघतो', 'जमवतो' आणि 'कोण कोण येतंय?' यातून एकही ताट मोजता येत नाही. म्हणून पहिला नियम असा की गंमत हवी तेवढी करा, पण ती वरच्या दोन ओळींत संपवा. लांब मेसेज 'आणखी वाचा'पाशी कापला जातो आणि त्याखालचं फारसं कुणी वाचत नाही.

आता २००१ च्या दहावीच्या बॅचचं आमंत्रण घ्या. 'विथ स्पाउज'चं 'सहकुटुंब' केलंत, तर सासूबाई आणि दोन भाचे येतील, आणि चूक तुमची असेल. 'सिक्स थर्टी ऑनवर्ड्स'चं 'साडेसहापासून' केलंत, तर लोक साडेआठला उगवतील. तेव्हा असं लिहा:

'*दहावी ब, २००१!* पंचवीस वर्षं झाली, केस गेले, आता लाजायचं कारण नाही. शनिवार, १९ डिसेंबर, संध्याकाळी ६.३०. भजी ७.३० ला संपतील. फक्त जोडीने, मुलं घरी. माणशी ८०० रुपये. *येणाऱ्याने नाव, माणसं किती, व्हेज की नॉनव्हेज हे लिहून १० तारखेपर्यंत पैसे पाठवावेत. पैसे आले म्हणजे नाव आलं.*'

यावर आक्षेप येईल की हे उद्धट वाटतं. पण आपल्याच लग्नपत्रिकांवर 'कृपया आहेर आणू नये' असं स्वच्छ छापलेलं असतं आणि त्यावर कुणी रुसत नाही. शिवाय रोखठोकपणा सगळ्यांना सारखाच असला की तो कुणा एकाला टोचत नाही. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: पोल टाकला की काम झालं. पोलमध्ये मत एका माणसाचं पडतं, त्याच्यामागे ताटं किती हे कळत नाही. त्यातून एकापेक्षा जास्त उत्तरं निवडायची मुभा मुळातच चालू असते. ती बंद करायला विसरलात, तर तोच गृहस्थ 'येणार' आणि 'बघतो' अशा दोन्हींवर टिचकी मारतो, आणि मनापासून मारतो. पोल तारीख ठरवायला ठेवा, ताटांसाठी नको.

मेसेज पिन करताना सात दिवसांचा पर्याय घ्या आणि तो ३ डिसेंबरला लावा, म्हणजे मुदतीबरोबरच तो उतरेल. अकरा तारखेला 'अरे, मी आत्ताच पाहिलं' असं म्हणणाऱ्याला केटररचा नंबर द्या.