दसऱ्याआधीच्या दोन ओळी

मी मराठीचा मास्तर. त्यामुळे वाशिममधल्या एका साडीदुकानदार मित्राचा असा समज झाला आहे की, मराठीत जे जे लिहायचं ते मला फुकटात लिहिता येतं. पितृपक्षात त्याचं दुकान ओस पडतं आणि त्याला माझी आठवण येते. "सर, सेलच्या दोन ओळी लिवून द्या न. बाया धावतच आल्या पायजेत." दोन ओळी म्हणजे व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर साडीच्या फोटोखाली बसतील एवढ्या. एवढ्यात परंपरा हवी, सूट हवी आणि घाईही हवी. पण घाई जरा बेतानं. बाया येताना धावल्या तरी चालतील, दुकानात शिरताना नकोत.

पहिला मसुदा त्यानंच आणला होता. "युगानुयुगांची परंपरा, नवरात्रीचे नऊ रंग! 50 टक्के अधिक 20 टक्के सूट! अस्सल पैठणी! शेवटचे 3 दिवस!" लाल शाईची सवय असलेल्या माणसापुढे हे ठेवणं म्हणजे आमंत्रणच.

नऊ रंगांची परंपरा वर्तमानपत्रांनी रुजवली, तिला दोन-अडीच दशकंच झाली आहेत. ती छान आहे, ऑफिसातल्या बायका त्यामुळे हौसेनं नटतात. पण तिला युगं चिकटवायचं कारण नव्हतं. युगं खोडली.

मग सूट. 50 आणि 20 मिळून 70, असं गिऱ्हाइकाच्या मनात आपोआप होतं आणि ते तसं व्हावं म्हणूनच मध्ये 'अधिक' असतं. मी कागदावर 2000 रुपयांची साडी घेतली. निम्मी सूट गेली, उरले 1000. पुढचे 20 टक्के या हजारावर, म्हणजे 200. साडी पडली 800 रुपयांना. सूट झाली 60 टक्के. सत्तर टक्क्यांच्या हिशेबानं आलेली बाई 600 रुपये मोजून तयार असते, आणि काउंटरवर त्या 200 रुपयांवरून जे मराठी ऐकू येतं ते शाळेत शिकवत नाहीत. मित्र म्हणाला, "साठ लिवलं तर कमी वाटते न, सर." वाटू दे म्हटलं.

पैठणीवर आमचं खरं भांडण झालं. त्याच्याकडची मशीनवर विणलेली सेमी-पैठणी. मी पदर उलटा केला. मागं मोराच्या पाठीवर सुटे धागे लोंबत होते, काही कापलेले. हातमागाच्या पैठणीत नक्षीचा प्रत्येक रंग ताण्याच्या धाग्यांत हातानं गुंतवत नेतात, म्हणून पदर मागूनही जवळजवळ पुढच्यासारखाच दिसतो. सेमी-पैठणीत वाईट काही नाही, दीड-दोन हजारांत मोर मिळतो. फक्त 'सेमी' हा शब्द लाजून बारीक अक्षरात लिहायचा नाही.

राहिली घाई. 'शेवटचे 3 दिवस' मागच्या वर्षी याच दुकानावर दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंत चालले होते. इतके लांब तीन दिवस मी दुसरीकडे पाहिले नाहीत. शिवाय आमच्याकडच्या घरात दिवाळीचा पैसा सोयाबीनमधून येतो. दाण्यात ओलावा 12 टक्क्यांच्या वर असला की भाव पाडतात, म्हणून माणसं ऊन बघत थांबतात. माल अजून अंगणात वाळतोय आणि फलक म्हणतोय आजच या! कशानं येणार?

तरी घाईचं एक खरं कारण होतंच, ते बायकोनं सांगितलं. साडी वसुबारसेलाही मिळते. ब्लाउज मिळत नाही. शिवणाऱ्या ताई दिवाळीच्या आठ दिवस आधी माप घेणं बंद करतात. दसरा ते वसुबारस जेमतेम सोळा-सतरा दिवस, त्यातले हे आठ वजा केले की राहतात आठ-नऊ. मग आम्ही लिहिलं:

"भाऊबीजेच्या ओवाळणीसाठी काठपदर आणि सेमी-पैठणी. छापील किमतीवर सरसकट 60 टक्के सूट, वसुबारसेपर्यंत. फॉल-पिको आमच्याकडून. पैसे सोयाबीन विकल्यावर आले तरी साडी आताच निवडून बाजूला ठेवा. ब्लाउज शिवणाऱ्या ताई उशिरा आलेलं कापड घेत नाहीत."

"हे तं चिठ्ठीच झाली," मित्र कुरकुरला, पण स्टेटसला लावली. चौथ्या दिवशी कपाटातला एक अख्खा कप्पा नावांच्या चिठ्ठ्या टाचलेल्या साड्यांनी भरला होता. म्हणजे विक्री शून्य आणि कपाट फुल, असं तो म्हणाला. चेहरा मात्र पडलेला नव्हता.

पाचव्या दिवशी संध्याकाळी दारात आमच्या गल्लीतल्या शिवणाऱ्या ताई. गळ्यात टेप तसाच, हातात मापांची वही, शेवटच्या पानापर्यंत भरलेली. मी पाणी दिलं. त्या बसल्याही नाहीत.

"सर, ते साडीवाल्याचं तुमीच लिवलं म्हन्तात. आता मलेबी दोन ओळी लिवून द्या. 'ब्लाउज घेणे बंद आहे.' अन् कोनाले राग नाई आला पायजे."