मूळ गाव सोमवार

आपल्याकडे आडनावं गावावरून पडतात. या गृहस्थाचा मुक्काम रविवारात असला तरी मूळ गाव सोमवार आहे, म्हणून त्याला आपण सोमवारकर म्हणू. दर आठवड्याला हा दोन दिवसांसाठी पाहुणा येतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला परतीच्या गाडीची आठवण होऊन गप्प होतो. दुपारपर्यंत हा माणूस ठणठणीत असतो. मटणाच्या रश्श्यात तिसरी भाकरी कुस्करतो, दीड वाजता आडवा होतो आणि घोरून सोसायटीला आपली खुशाली कळवतो. उठतो तेव्हा बाहेर उन्हं उतरलेली असतात, स्वयंपाकघरात उद्याच्या डब्यासाठी मटकी निथळत असते आणि इस्त्रीवाला पाच शर्ट हँगरला लावून गेलेला असतो. त्या पाच शर्टांकडे सोमवारकर असा बघतो, की जणू ते त्याला न्यायलाच आलेत. मग चहा गार होतो. मुलाने गणित विचारलं तर उत्तर बरोबर येतं, पण सूर चुकतो. रात्री जेवताना बायको विचारते, “काय झालंय?” त्यावर गेली कित्येक वर्षं ठरलेलं उत्तर येतं, “काही नाही गं, लोड आहे.” (मटकी भिजत घालण्यापासून डबे भरण्यापर्यंतचा सोमवार जिने शनिवारी रात्रीच सुरू केलेला असतो, तिला हे उत्तर तो देतो. तिच्या संध्याकाळचं काय होतं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि तो लिहायला तिला रविवार मिळायला हवा.)

माझं म्हणणं एवढंच, की ‘लोड’ हे उत्तर बहुतेक वेळा तपासून दिलेलं नसतं. ते सोयीचं असतं, कारण रविवारच्या धास्तीची जी तीन मोठी कारणं संभवतात त्यांतलं चारचौघांत सांगण्यासारखं हे एकच. काम फार आहे म्हटलं की माणूस महत्त्वाचा ठरतो. सासुरवाडीतही मान राहतो. ऑफिसातल्या माणसांची भीती वाटते म्हटलं तर चाळिशीतल्या पुरुषाची अब्रू जाते. आणि ‘मी हे काम कशासाठी करतोय तेच कळेनासं झालंय’ असं म्हणावं, तर गृहकर्जाचे हप्ते चालू असताना ही थेरं कुठून सुचतात असं ऐकावं लागतं. त्यामुळे तिन्ही आजारांचे रोगी एकाच आजाराचं नाव सांगतात आणि तिघेही एकच औषध घेतात: जानेवारीत नवी डायरी.

यावर वडीलधाऱ्यांचा आक्षेप तयार असतो, की ही सगळी हल्लीची नाटकं, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. आमच्या वेळी म्हणजे नेमकं कधी, हे पाहायला हवं. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची हक्काची सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांना एकत्र करून ती मागितली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी मान्य केली. ज्याला रविवारच नाही, त्याची रविवारची संध्याकाळ कशी बिघडणार? खंडोबाचा वार हाती आला, मग त्याचं सावटही आलं. आणि मोबाइलवर खापर फोडणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. बुडापेस्टचे मनोविश्लेषक सँडोर फेरेन्झी यांनी ‘रविवारच्या मनोविकारां’वर १९१९ साली लिहिलं आहे. त्यांचे काही रोगी आठवडाभर बरे असत आणि नेमके रविवारी डोकेदुखी, पोटदुखी, उदासी घेऊन बसत. तेव्हा कुणाच्या खिशात ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. काम खरोखरच जास्त असेल तर धास्ती वाटणारच, त्यात तपासायचं काय? पण मग गणेशोत्सवातला हाच सोमवारकर आठवावा. दहा दिवस रात्री दोनपर्यंत मंडपात, वर्गणीचा हिशेब, लाउडस्पीकरची परवानगी, अध्यक्षांशी भांडण, खजिनदाराशी अबोला. काम दुप्पट, माणसं ऑफिसातल्यांपेक्षा तिरसट, पगार शून्य. आणि तरीही आदल्या संध्याकाळी पोटात गोळा नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये अमेरिका आणि स्वीडनमधल्या कामगारांच्या माहितीवरून हेच मांडलं, की नुसत्या कामाच्या ओझ्यापेक्षा, ओझं जास्त आणि निर्णय हातात नाही ही जोडी माणसाला जास्त पिळते. मंडपाचा पडदा भगवा की जांभळा हे सोमवारकर ठरवतो. ऑफिसात एक्सेलमधल्या रकान्याचा रंगही दुसरा कुणी ठरवतो. तेव्हा ‘लोड’ म्हणताना किलो किती आणि दोरी कुणाच्या हातात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

हे सोमवारकरला विचारून कळणार नाही, कारण तो ‘लोड’च म्हणेल. कॅलेंडरला विचारावं. समजा, तो एका मध्यम कंपनीच्या अकाउंट्स विभागात आहे. या खात्याचं एक बरं असतं, कामाचे चढउतार सरकारनेच छापून दिलेले असतात. मागच्या महिन्यात कापलेला टीडीएस ७ तारखेपर्यंत भरायचा, दरमहा विवरण भरणाऱ्या कंपनीचा जीएसटीआर-१ ११ तारखेपर्यंत आणि ३बी २० पर्यंत. आता असा महिना घ्या ज्यात रविवार २, ९, १६, २३ आणि ३० तारखेला येतात. कामाच्या हिशेबाने ९ चा रविवार सगळ्यांत भयंकर हवा, कारण परवा मुदत आणि दोन ग्राहकांची बिलं अजून जुळत नाहीत. २३ चा रविवार सगळ्यांत हलका हवा, कारण सगळं भरून झालेलं आणि महिनाअखेर अजून दूर. घरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, दर रविवारी रात्री नऊ वाजता त्याने दहापैकी एक आकडा लिहायचा. शून्य म्हणजे मजेत, दहा म्हणजे उद्या ताप यावा अशी मनापासून प्रार्थना. आकडा त्याच वेळी लिहायचा. बुधवारी आठवून लिहिला तर त्यात मंगळवारचा राग मिसळतो.

आणि याच महिन्यात एक योग जुळून येतो: साहेबांच्या मेहुण्याचं लग्न. साहेब १० तारखेपासून आठवडाभर रजेवर, म्हणजे सोमवारची साडेदहाची आढावा बैठक रद्द. असा योग हजार प्रश्नावल्यांपेक्षा मोलाचा. ९ च्या रविवारी काम डोंगराएवढं आहे पण साहेब नाहीत. २३ च्या रविवारी काम नाही पण साहेब हजर. ९ ला आठ आणि २३ ला दोन असे आकडे पडले तर सोमवारकर खरं बोलत होता, त्याला खरंच लोड आहे. उलट ९ ला तीन आणि २३ ला आठ पडले, तर त्याचा सोमवार म्हणजे बैठकीच्या खोलीतली एक खुर्ची आहे, आणि त्या खुर्चीवर बसणारा माणूस पान उलटताना ‘हं’ असा एक आवाज काढतो. त्या ‘हं’ला भिऊन आपण वेळेच्या नियोजनाचा कोर्स केला, हे सोमवारकरच्या मग लक्षात यावं. अशा माणसाला रजा टाकूनही उपयोग नसतो, कारण परत आल्यावर खुर्ची तिथेच असते. खऱ्या लोडवाल्याला रजेचा उलट तोटाच होतो: जोडून सुट्टी आली की त्याची धास्ती वाढते, कारण काम साचतं. त्याला उपयोगी पडते ती शुक्रवारी संध्याकाळची पाच मिनिटं. अर्धवट राहिलेलं काम मनात टोचत राहतं, पण ते सोमवारी किती वाजता आणि कुठून उचलायचं एवढं कागदावर लिहिलं तर टोचणी बरीच कमी होते, असं प्रयोगांतही दिसलं आहे.

इथे एक शंका रास्त आहे: दुपारी दीड ते पाच झोपलेल्या माणसाला रात्री झोप येणार कशी? अंधारात जागं पडल्यावर मन काहीतरी चघळणारच, आणि हाताशी सोमवारच असतो. हे अगदी खरं. म्हणून पाचांपैकी दोन रविवारी तिसरी भाकरी आणि दुपारची झोप दोन्ही बंद ठेवून आकडा लिहावा. त्यानेच काम भागलं तर बाकीचा लेख वाचायची गरज नाही. दुसरी शंका अशी, की एका महिन्याच्या पाच आकड्यांवर कुणाच्या साहेबाला फाशी देऊ नये. देऊच नये, पुढच्या महिन्यात पुन्हा मोजावं, मेहुणे कमी पडले तर साहेबांच्या दौऱ्यावर मोजावं. आणि आकडे बुधवार-गुरुवारीही तसेच चढे असतील, छाती धडधडत असेल, आठवड्याची झोपच गेली असेल, तर हे प्रकरण रविवारचं नाही, डॉक्टरांचं आहे.

सगळ्यांत अवघड तो सोमवारकर ज्याच्या कॅलेंडरवर सहा, सहा, सहा, पाच, सहा असे आकडे येतात. काम असो नसो, साहेब असोत नसोत, काटा हलत नाही. याला ओळखायची आणखी एक खूण म्हणजे सोमवारी सकाळचे अकरा. लोडवाला फाइल उघडली की सावरतो, कारण राक्षस बसस्टॉपवर वाटतो तेवढा टेबलावर नसतो. साहेबवाला बैठक संपली की हलका होऊन कँटीनमध्ये विनोद सांगतो. हा तिसरा अकरा वाजताही तसाच असतो. दुपारी चारला घड्याळ बघतो तेव्हा पावणेचारच झालेले असतात. त्याच्या धास्तीला चेहरा नाही, म्हणून ती सांगताही येत नाही. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी रविवारच्या या उदासीचा अर्थ थोडा उलटा लावला होता: आठवड्याची धावपळ थांबली की आतली पोकळी दिसू लागते. म्हणजे सोमवार बदनाम होतो आणि गुन्हेगार रविवारी घरातच असतो. हे पटलं तर एक चमत्कारिक गोष्ट निघते. या माणसाने नोकरी बदलली तर पहिले तीन महिने नव्या माणसांची नावं पाठ करण्यात जातात, आकडे उतरतात, तो पेढे वाटतो. चौथ्या महिन्यात पुन्हा सहा. त्याच्या बाबतीत विचारायचा प्रश्न ऑफिसचा नसतोच. आठवड्यात अशी एक तरी गोष्ट आहे का, जिच्या पडद्याचा रंग तो ठरवतो?

पण बहुसंख्य सोमवारकर तिसऱ्या प्रकारचे नसतात, असा माझा अंदाज आहे, आणि तो अर्थात अंदाजच. बरेचसे दुसऱ्या प्रकारचे असावेत. कारण पुरावा समोर आला की ते फार बेचैन होतात. कॅलेंडरवर ९ तारखेला तीन आणि २३ तारखेला आठ हे आकडे स्वतःच्या हस्ताक्षरात दिसत असतात. बायको बोट ठेवून दाखवते. “९ला तर तू सिनेमा शेवटपर्यंत पाहिलास,” ती म्हणते, “आणि इंटरव्हलला समोसापण खाल्लास.” सोमवारकर चष्मा लावतो, दोन्ही आकडे नीट वाचतो आणि २३ च्या आठाशेजारी, दुधाच्या खाड्याला लागणार नाही इतक्या बारीक अक्षरात, कारण लिहितो: ‘लोड’.